आकडा मोडून बघितलास का?

लोणावळ्याला लोक कशासाठी जातात हे तुम्हाला सांगायला नको. भुशी डॅमवर भिजायचं, कांदाभजी हाणायची, येताना चिक्कीचे दोन बॉक्स घ्यायचे आणि रविवारी संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत घरी परतायचं. मीही हे सगळं करते. पण माझ्या लोणावळ्याच्या फेरीत एक जादा आयटम असतो. माझे मामा तिथे राहतात आणि ते माझे लेख वाचतात. नुसते वाचत नाहीत, हातात लाल पेन घेऊन वाचतात.

मामांनी तीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. मामा पेपरातले आकडे तपासतात. ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’, ‘इतक्या टक्क्यांनी घट’ असं कुठे दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. समोरच्याचा नंतर पडतो. २०१९ च्या सुरुवातीला तो समोरचा चेहरा माझा होता.

मास कॉमची डिग्री घेऊन मी तेव्हा नुकतीच फ्रीलान्सिंगला लागले होते. एका पुरवणीसाठी मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर लेख लिहायचा होता. विषय तयारच होता. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ माणसं अपघातात गेली होती. त्याच वर्षी एमएसआरडीसी, हायवे पोलिस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी मिळून ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ नावाचं काम सुरू केलं. २०१७ मध्ये मृत्यूंचा आकडा १०५ वर आला. कॅलक्युलेटरवर बोटं फिरवली, ३० टक्के घट. हेडिंग मिळालं, फोटो मिळाला, मानधनही मिळालं. आणखी काय हवं?

सगळ्यात अभिमान मला लेखाखालच्या चौकटीचा होता. ‘आम्ही आकडे तपासून पाहिले’ असं तिचं शीर्षक. त्यात मी लिहिलं होतं, की दर किलोमीटरमागे मृत्यू मोजले तरी घट ३० टक्केच येते, दर महिन्याची सरासरी काढली तरी ३० टक्केच येते आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आकडे मिळवले तरी तेच येतात. रिसर्च पेपरात याला ‘रोबस्टनेस चेक’ म्हणतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे हिशेब करताना घेतलेला एखादा निर्णय बदलून बघायचा आणि तरीही निष्कर्ष टिकतो का ते सांगायचं. माझा निष्कर्ष तीनदा टिकला होता. शाब्बास मी!

आता घरातली गोष्ट. माझा दादा तेव्हा तळेगावात टू बीएचके बघत होता. ऑफिस दादरला, आठवड्यातून चार दिवस जाणं भाग, आणि तो गाडीने जाणार होता. आईचा ठाम नकार. ‘त्या रस्त्यावरून रोज? मला रात्रीची झोप लागायची नाही.’ माझा लेख छापून आला त्या रविवारी दादाने कात्रण फ्रिजवर लावलं आणि म्हणाला, ‘घे आई, तुझ्याच लेकीने लिहिलंय. तीस टक्के कमी. तीन वेळा तपासलंय.’ आईने चष्मा लावून चौकट वाचली आणि गप्प बसली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच विचारलं, ‘बुकिंगची रक्कम किती भरायची रे?’

मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. भीती नंतर वाटली.

हार घातलेला आकडा

पुढच्या शनिवारी मी मामांकडे गेले. व्हरांड्यात चहा, समोर माझा लेख. चौकटीवर लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह.

‘हे दर किलोमीटरचं काय आहे गं?’

‘मामा, तो चेक आहे. लांबीप्रमाणे बघितलं तरी घट दिसते.’

‘२०१६ मध्ये एक्स्प्रेस वे किती किलोमीटर होता?’

‘साडेचौऱ्याण्णव.’

‘आणि २०१७ मध्ये?’

मी कप तोंडाला लावला. उत्तर द्यायची गरजच नव्हती. दोन्ही आकड्यांना मी एकाच संख्येने भागलं होतं. १५१ चे किलोमीटरमागे १.६ झाले, १०५ चे १.१ झाले आणि घट ३० टक्केच राहिली. ती दुसरं काही येऊच शकत नव्हती. बारा महिन्यांनी भागलं तेव्हाही तेच. म्हणजे माझ्या तीन चेकपैकी दोन हे चेक नव्हतेच, शाळेतल्या गणिताची उजळणी होती.

तिसरा चेक जरा बरा दिसत होता. आकडे मी तीन ठिकाणांहून घेतले होते: एक बातमी, एक अहवाल आणि एका अधिकाऱ्यांशी झालेलं बोलणं. मामांनी विचारलं, ‘या तिघांना आकडे कुठून मिळाले?’ अर्थातच पोलिसांच्या नोंदींवरून. एकाच विहिरीतून तीन बादल्या काढल्या आणि तिन्हींतलं पाणी सारखंच लागलं, तर त्यातून विहिरीबद्दल काही कळत नाही. मूळ नोंदीत चूक असती, तर ती तिन्ही ठिकाणी इमानदारीने पोचली असती.

‘हे असले चेक म्हणजे आकड्याला घातलेले हार,’ मामा म्हणाले. ‘फोटो छान येतो, पण हाराने माणूस धडधाकट होत नाही. चेक करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. काय उत्तर आलं तर मी हा लेख मागे घेईन? असं एकही उत्तर सुचत नसेल, तर तो चेक करायचे कष्ट घेऊ नकोस.’

मी वहीत लिहून घेतलं. मग जरा रागानेच विचारलं, ‘मग तुम्ही सांगा ना, खरा चेक कसा असतो?’

मामांनी पेन माझ्या हातात दिलं. ‘तुझा आकडा मोडून दाखव. कुठे मोडतो ते बघू.’

सतरा माणसं

सुरुवात २०१६ पासून केली. त्या वर्षी ५ जूनला पनवेलजवळ एक्स्प्रेस वेवर एका खासगी बसने दोन मोटारींना धडक दिली होती. त्या एका अपघातात १७ जण गेले. तो पहाटेचा अपघात तुम्हालाही आठवत असेल.

‘१५१ मधून हे १७ काढ,’ मामा म्हणाले. उरले १३४. आता १३४ वरून १०५, म्हणजे घट २२ टक्के. एकच पहाट बाजूला ठेवली आणि माझं हेडिंग एक चतुर्थांशाने बारीक झालं!

पण मामांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी मला त्यांची एक जुनी वर्गातली युक्ती शिकवली. अपघातासारख्या विखुरलेल्या घटना मोजताना काही बदललं नाही तरी आकडा वर्षागणिक थोडा वरखाली होतोच. किती? ढोबळमानाने त्याच्या वर्गमुळाइतका. १०५ चं वर्गमूळ साधारण १०. म्हणजे १०५ चे पुढच्या वर्षी ९५ झाले किंवा ११५ झाले तर पेपरात हेडिंग करायचं कारण नाही. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायचं. १५१ आणि १०५ मिळून २५६, वर्गमूळ १६. फरक आहे ४६ चा, म्हणजे नेहमीच्या वरखालीच्या जवळजवळ तिप्पट. हा नुसता योगायोग म्हणणं अवघड. आता तो एक अपघात काढून हाच हिशेब करा. फरक उरतो २९ आणि वरखाली होते साधारण साडेपंधराची. तिप्पट होतं ते दुपटीच्याही खाली येतं. आता छातीठोकपणे बोलणारी मी जरा घुटमळले असते.

शिवाय ही युक्ती प्रत्येक मृत्यू सुटा धरते. रस्त्यावर तसं होत नाही. एका बसमध्ये १७ जण एकदम जातात. त्यामुळे खरी वरखाली वर्गमुळापेक्षा जास्तच असते. म्हणून जाणकार माणूस मृत्यूंबरोबर जीवघेण्या अपघातांची संख्याही मागतो. त्या मोजणीत पनवेलची बस १७ नाही, १ धरली जाते.

इथे मला एकदम स्फुरण चढलं. ‘म्हणजे २२ टक्के खरे आणि ३० खोटे!’

‘अगं थांब. २०१६ मधला सगळ्यात मोठा अपघात काढलास. २०१७ मधला काढलास का?’

नव्हता काढला. आणि ही सगळ्यात सोपी लबाडी आहे, कारण ती प्रामाणिकपणासारखी दिसते. एकाच बाजूचं वाईट काढायचं आणि दुसऱ्या बाजूचं तसंच ठेवायचं. समजा, २०१७ च्या सगळ्यात मोठ्या अपघातात ५ जण गेले असं धरलं, तर तुलना १३४ विरुद्ध १०० अशी होते आणि घट २५ टक्के येते. म्हणजे उत्तर एक नसून पट्टा आहे, २२ पासून ३० पर्यंतचा, आणि पट्ट्यातली जागा आपण काय वगळतो यावर ठरते. सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिस म्हणतात ते हेच. कुठला निर्णय बदलला की उत्तर किती हलतं, ते वाचकाला दाखवायचं. माझ्या चौकटीत उत्तर जराही हलत नव्हतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

वाईट वर्षाचा फायदा

चहा संपला, मामी पोहे घेऊन आल्या. मामा आता रंगात आले होते. त्यांनी मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. ती मी नंतर स्वतः शोधून वाचली, तेव्हा खात्रीने सांगते.

कनेटिकट नावाच्या राज्यात १९५५ मध्ये रस्त्यावर ३२४ माणसं गेली. गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ हादरले. त्यांनी वेगाने गाडी चालवणाऱ्यांची लायसन्स सरळ सस्पेंड करायचा सपाटा लावला. १९५६ मध्ये आकडा २८४ वर आला. ४० जीव वाचले, १२ टक्के घट, मोहीम यशस्वी असं जाहीर झालं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? मलाही वाटलं.

मग १९६८ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल आणि लॉरेन्स रॉस या दोघांनी हा दावा पुन्हा तपासला. त्यांनी १९५५ च्या मागची वर्षंही मांडली. तेव्हा दिसलं, की १९५५ हे वर्षच नेहमीपेक्षा खूप वाईट होतं, आदल्या वर्षापेक्षा आकडा एकदम उसळला होता. मोहीम सुरू झाली तीच त्यामुळे. आता अती वाईट वर्षानंतर काहीही न करता येणारं वर्ष बहुतेकदा बरं असतं. ताप १०४ वर गेल्यावर आपण डॉक्टरकडे धावतो आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला की श्रेय गोळीला देतो. गोळीने काही केलं नाही असं नाही. पण शिखरावरून मोजायला सुरुवात केली, की सगळंच उतारावर दिसतं.

‘तुझं २०१६ हे शिखर आहे का?’ मामांनी विचारलं.

आणि माझ्या लेखात २०१५ नव्हतं, २०१४ नव्हतं, काहीच नव्हतं. वर आणखी एक गंमत. काम २०१६ मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे ते वर्ष धड ‘आधीचं’ नव्हतं आणि धड ‘नंतरचं’ही नव्हतं. मी ते आधीचं धरलं, कारण आकडा मोठा होता आणि हेडिंगला बरा होता. प्रामाणिक तुलना करायची तर आधीच्या चार-पाच वर्षांची सरासरी घ्यायला हवी होती आणि आधीचं वर्ष कुठलं धरायचं ते आकडे बघायच्या आधी ठरवायला हवं होतं.

मी शेवटचा पत्ता टाकला. ‘मामा, पण २०१८ चा आकडा आलाय. ११०. म्हणजे घट टिकली ना? हा तर खरा चेक झाला!’

मामा हसले. ‘झाला ना. पण कुठल्या शंकेवर?’

हा मुद्दा मला समजायला रस्त्यातला अख्खा परतीचा प्रवास लागला, म्हणून तुम्हाला सावकाश सांगते. कुणी म्हणालं, ‘२०१७ हे एक नशीबवान वर्ष होतं, पुढे आकडा परत वर जाईल,’ तर त्याला २०१८ चे ११० हे चांगलं उत्तर आहे. आकडा परत १५० वर जाऊ शकला असता आणि तो गेला नाही. पण कुणी म्हणालं, ‘२०१६ हेच कमनशिबी वर्ष होतं,’ तर? मग २०१७ आणि २०१८ ही दोन्ही नेहमीसारखी वर्षं ठरतात आणि ११० हा आकडा त्याच्याशीही तितकाच जुळतो. म्हणजे एकच चेक एका संशयी माणसाला पटतो आणि दुसऱ्यासाठी तोच हार ठरतो. चेक मुळात चांगला की वाईट असं काही नसतंच. समोरच्याची शंका कोणती, हे आधी विचारावं लागतं.

(आणि हो, १०५ चे ११० झाले म्हणून ‘मृत्यू पुन्हा वाढले’ असंही हेडिंग करू नका. वर्गमूळ आठवा.)

शेजारचा रस्ता

आता शेवटची शंका, आणि ती मावळात राहणाऱ्या कुणालाही सुचेल. एक्स्प्रेस वेला लागूनच जुना हायवे जातो. खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. पाऊस तोच, वीकएंडची गर्दी तीच, आणि पुण्याहून निघून मुंबई गाठायची घाईही तीच. समजा, २०१७ मध्ये जुन्या हायवेवरचे मृत्यूही तेवढेच कमी झाले असतील तर?

ही शंका हवेतली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. पुढे तिच्यात सवलती आल्या, पण लोणावळ्यात त्या उन्हाळ्यात किती बार बंद होते ते इथल्या लोकांना आठवतं. हे नेमकं माझ्या घटीच्या वर्षातच झालं होतं. रस्ते दुरुस्त करणाऱ्यांनी काहीही केलं नसतं, तरी आकड्यावर या निर्णयाचा परिणाम होऊ शकला असता. माझ्या लेखात त्याचा उल्लेखच नव्हता.

म्हणून जुना हायवे कामाचा. जो बदल दोन्ही रस्त्यांना लागू होतो तो दोन्हीकडे दिसायला हवा. जे काम फक्त एक्स्प्रेस वेवर झालं त्याचा परिणाम फक्त एक्स्प्रेस वेवर दिसायला हवा. एक्स्प्रेस वे ३० टक्क्यांनी उतरला आणि जुना हायवे जागेवर राहिला, तर माझा दावा भक्कम. दोन्ही सारखेच उतरले, तर माझा दावा गेला. बघा, इथे मला हरता येतं. म्हणूनच हा चेक पटतो. कॅम्पबेल आणि रॉसनीही हेच केलं होतं. कनेटिकट शेजारच्या न्यूयॉर्क, न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडशेजारी ठेवून बघितलं होतं.

अर्थात शेजारी निवडतानाही डोकं वापरावं लागतं. बोरघाटात काही अंतर हे दोन्ही रस्ते एकच होतात. तिथले अपघात कुठल्या रस्त्याच्या खात्यात टाकायचे? ते आधी बाजूला काढावे लागतील. शिवाय एक्स्प्रेस वेवर पोलिसांनी कडक तपासणी सुरू केली आणि काही ट्रकवाले जुन्या हायवेला वळले, तर एकीकडची घट दुसरीकडे वाढ म्हणून दिसेल आणि माझा दावा आहे त्याहून दुप्पट छान दिसेल. त्यामुळे दोन्ही रस्त्यांवर किती गाड्या गेल्या तेही हवं. हाच चेक २०२० साठी तर हवाच हवा. त्या वर्षी २५ मार्चपासून लॉकडाऊन होता आणि रस्ते ओस होते. त्या वर्षाच्या आकड्याने कुठल्याही मोहिमेचं यश मोजणं म्हणजे दुकान बंद ठेवून ‘आज एकही तक्रार आली नाही’ असं सांगण्यासारखं आहे.

आणखी एक चेक मामांना फार आवडतो. काम ज्या प्रकारच्या अपघातांवर झालं, नेमके तेच अपघात कमी झाले का? कडेला उभ्या ट्रकला मागून धडक बसणं हा या रस्त्याचा जुना रोग. ट्रक हटवायची मोहीम चालली असेल, तर या प्रकारचे मृत्यू जास्त कमी व्हायला हवेत आणि टायर फुटून झालेले फारसे हलायला नकोत. सगळेच प्रकार एकसारखे कमी झाले, तर समजायचं की कारण बहुधा दुसरं काहीतरी आहे, कदाचित मोजण्याची पद्धतच बदललीय.

दादाला काय सांगितलं

परतीच्या लोकलमध्ये मी चौकट परत लिहायला घेतली. ती पूर्वीपेक्षा लांब झाली आणि दावा पूर्वीपेक्षा लहान. ‘मृत्यू कमी झाले. ही घट २२ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात दिसते. त्यातला काही भाग २०१६ हे वाईट वर्ष असल्यामुळे असू शकतो. जुन्या हायवेशी आणि आधीच्या वर्षांशी तुलना केल्याशिवाय उरलेल्याचं श्रेय कुणालाही देता येत नाही.’ मी हे पुरवणीला पाठवलं. छापून आलं नाही, जागा नव्हती म्हणे. असो.

पण घरी सांगणं भाग होतं. फ्रिजवरचं कात्रण काढलं आणि दादासमोर बसून सगळा हिशेब मांडला. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘बरं, मग घर घेऊ की नको?’

त्या एका प्रश्नाने माझी आणखी एक चूक उघडी पडली. आकडा पंचवीस टक्के असो नाहीतर तीस, तो रस्त्याबद्दल होता. दादाबद्दल नव्हता. आईला भीती वाटत होती ती दादाच्या पहाटेच्या ड्राइव्हची, रात्री दहाला थकून परत येण्याची. त्याबद्दल माझ्या लेखात एक ओळ नव्हती आणि तरी तिने माझ्या चौकटीवर विश्वास ठेवून हो म्हटलं होतं. त्या दिवशी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि टक्क्यांऐवजी वेळापत्रकावर बोललो.

दादाने घर घेतलं. पण आता तो आठवड्यातून दोन दिवस गाडी लोणावळा स्टेशनला लावून ट्रेनने दादरला जातो. उरलेले दोन दिवस उजाडल्यावरच निघतो, आणि उशीर झाला तर मित्राकडे मुक्काम. आई झोपते. निदान पूर्वीपेक्षा बरी झोपते. याचा रोबस्टनेस चेक मी केलेला नाही!

मामांकडची शाळा अजून चालू आहे. परवा बोलणं मिसिंग लिंकवर गेलं. खोपोलीपासून कुसगावपर्यंतचा हा नवा मार्ग घाटाला वळसा घालतो आणि अंतर सुमारे ६ किलोमीटरने कमी करतो. त्याच्या आधीची आणि नंतरची तुलना कुणी ना कुणी छापणारच. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, ‘आणि त्यात दर किलोमीटरमागचा आकडा दिला, तर मी सांगेन की तो नुसता हार आहे.’

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘या वेळी लांबी बदलतेय ना?’

बदलतेय. लांबी बदलली की भागाकाराने टक्केवारी खरंच हलू शकते. तोच चेक, तोच रस्ता, पण आता तो मोडू शकतो.

मी मुकाट्याने वही काढली आणि मामांनी लाल पेन पुढे केलं.